‘3+’ लिहिलं की सुटलो?

संक्रांत जवळ आली की ऑनलाइन बाजारात ‘बोरन्हाण सेट’ नावाचा माल दिसायला लागतो. चुरमुरे, बोरं आणि उसाच्या करव्यांच्या जोडीला बाळाच्या डोक्यावरून ओतायच्या छोट्या वस्तू त्यात असतात: बोटाएवढ्या मोटारी, रबरी प्राणी, शिट्ट्या, रंगीत मणी, इवलीशी भातुकली. शीर्षकात लिहिलेलं असतं, ‘1 ते 5 वर्षांच्या बाळांसाठी, बोरन्हाण लूट, रिटर्न गिफ्ट’. फोटोत हलव्याचे दागिने घातलेलं वर्षाचं बाळ. खाली तपशिलाच्या तक्त्यात कुठेतरी, ‘शिफारस केलेलं वय: 3 वर्षांपुढे’. आणि त्याच्याही खाली, ‘बीआयएस अप्रूव्ह्ड दर्जा, सीई सर्टिफाइड, नॉन-टॉक्सिक’. शीर्षक म्हणतं बाळासाठी आहे, तक्ता म्हणतो बाळासाठी नाही, आणि शेवटची ओळ म्हणते काळजीच करू नका. तिन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नाही.

यावर वाद होत नाही असं नाही, पण होतो तो भलत्याच ठिकाणी. एक बाजू म्हणते, चिनी माल बंद करा, सगळं ठीक होईल. दुसरी म्हणते, बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, आयएसआय चिन्हाची सक्ती करून सरकारनं छोट्या विक्रेत्याला मारलं. पालकांच्या गटांत तिसराच सूर लागतो: आयएसआय बघून घ्या म्हणजे झालं. तिघंही वस्तूबद्दल बोलतात. ज्या पानावर ती विकली जाते त्याबद्दल कुणी बोलत नाही. माझं म्हणणं असं की विक्रीच्या पानावरचं वय, लहान भागांचा इशारा आणि प्रमाणपत्राचे शब्द हे खेळण्याचेच भाग आहेत. बाहुलीचा डोळा सैल असणं हा जसा दोष, तसाच हे तीन मजकूर चुकीचे असणं हाही दोष, आणि दोन्हींना सारख्याच कडकपणे वागवायला हवं.

आधी देशी-परदेशी हा मुद्दा बाजूला करू. केंद्र सरकारनं फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेलं, 2023 मध्ये ते 70 टक्के झालं. 2018-19 मध्ये सुमारे 37 कोटी डॉलरची असलेली आयात 2021-22 मध्ये सुमारे 11 कोटी डॉलरवर आली. या आकड्यांचा आनंद ज्यांना होतो त्यांचा हिरावून घ्यायचा नाही. पण माल देशी झाल्यानं ‘1 ते 5 वर्षांसाठी’ हे शीर्षक खरं झालं का? 2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेनं दिल्ली परिसरातल्या बाजारातून 121 खेळणी उचलून तपासली, तेव्हा त्यातली सुमारे 67 टक्के नापास झाली होती. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते ‘विषारी चिनी खेळणी’ हे दोन-तीन शब्दांचं सार. प्रत्यक्षात नापास होण्याचं सर्वांत मोठं कारण यांत्रिक होतं, म्हणजे सुटणारे भाग, टोकं, कडा. जड धातूंपायी नापास झालेली खेळणी त्या मानानं थोडी होती.

हीच चूक अमेरिकेनं 2007 मध्ये मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. मॅटेल कंपनीनं त्या उन्हाळ्यात एकामागून एक खेळणी परत मागवली आणि सगळा देश चिनी कारखान्यांतल्या शिशाच्या रंगावर तुटून पडला. शिसं होतंच, त्यात वाद नाही. पण परत मागवलेल्या मालातला फार मोठा हिस्सा होता सुटून बाहेर येणाऱ्या बारीक लोहचुंबकांचा, आणि ते चुंबक तसे बसवायचे हा निर्णय कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यातला होता. त्या सप्टेंबरात कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं बीजिंगला जाऊन हे कबूल केलं आणि माफी मागितली. माल कुठून आला यावर रान उठवलं की माल कुणासाठी आहे आणि त्यातून काय सुटतं, हे प्रश्न मागे पडतात. आपल्याकडे आज तेच चाललं आहे.

आता वयाच्या आकड्याकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. बहुतेक विक्रेते ‘किमान वय’ हा रकाना जाहिरातीचा मानतात: वयाचा पट्टा जितका मोठा तितकं गिऱ्हाईक जास्त. सुरक्षिततेच्या प्रमाणाच्या, म्हणजे मानकाच्या, दृष्टीनं तो रकाना म्हणजे परीक्षेचा पेपर कुठला हे ठरवणारी गोष्ट आहे. भारतात विजेशिवाय चालणाऱ्या खेळण्यांना लागू असलेलं मुख्य प्रमाण म्हणजे आयएस 9873, भाग 1. त्यात 36 महिने ही मोठी सीमारेषा आहे. त्याआतल्या मुलाचं खेळणं असेल तर त्यात लहान भाग असता कामा नये. नव्या अवस्थेत नको, आणि ठरावीक पद्धतीनं आपटून, पिळून, ओढून, दाबून झाल्यावरही सुटता कामा नये. 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी असेल तर लहान भाग चालतो, पण इशारा हवा. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. तीन वर्षांवर इशारा पुरतो. तीन वर्षांखाली इशारा पुरत नाही, तिथे सरळ बंदी आहे. म्हणजे बाळाच्या खुळखुळ्यावर ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं छापून खुळखुळा कायदेशीर होत नाही. तो बाळाचाच राहतो, फक्त विक्रेत्यानं अवघड पेपर चुकवलेला असतो.

लहान भाग म्हणजे किती लहान, याचं उत्तर अंदाजावर सोडलेलं नाही. 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं, तळ तिरका, खोली एका बाजूला 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1 मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाचं ते ढोबळ प्रतिरूप. तुकडा कसाही फिरवून, न दाबता, पूर्ण आत मावला तर तो लहान भाग. दहाच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, त्यावरून मापाची कल्पना येईल: त्या नाण्यापेक्षा थोडी मोठी वस्तूही आत जाते. चेंडूचा नियम आणखी कडक आहे, कारण गोल वस्तू श्वासनलिका पूर्ण बंद करते, तिथे 44.5 मिलिमीटरच्या कड्यातून आरपार जाणारा चेंडू लहान धरतात. दाढा पूर्ण आलेल्या नसतात, प्रत्येक वस्तू तोंडात जाते, खोकून बाहेर टाकण्याची ताकद कमी असते, म्हणून ही सीमा तीन वर्षांची. मुलाच्या हुशारीशी तिचा काही संबंध नाही.

आणि इथेच नुसत्या ‘3+’ची खरी अडचण आहे. आपल्याकडे कुठलाही आजोबा म्हणेल, ‘आमची नात दोनची आहे पण चारच्या मुलांसारखी खेळते, घ्या तुम्ही.’ त्याला ‘3+’ म्हणजे बुद्धीची पायरी वाटते, कारण कोड्यांवर आणि पुस्तकांवर आकडा त्याच अर्थानं छापलेला असतो. त्याला दोष कसा द्यायचा? आकड्यामागचं कारण कुणी सांगितलेलंच नाही. 1991 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात यावरचा एक अभ्यास आला होता. ‘3 वर्षांपुढे शिफारस’ एवढंच लिहिलेलं खेळणं दोन ते तीन वर्षांच्या मुलासाठी घ्याल का, असं विचारल्यावर 44 टक्के लोक हो म्हणाले. त्याच जागी ‘3 वर्षांखाली नको, लहान भाग आहेत’ असं लिहिल्यावर हो म्हणणारे उरले 5 टक्के. खेळणं एकच, पालक तसेच, फरक फक्त चार शब्दांचा. 1994 मध्ये अमेरिकेत 3 ते 6 वर्षांच्या खेळण्यांवर लहान भागांचा स्पष्ट इशारा कायद्यानं आला आणि 2008 च्या कायद्यानं तो संकेतस्थळांवरच्या आणि कॅटलॉगमधल्या जाहिरातींनाही लागू केला. युरोपीय संघाचा 2009 चा निर्देशही सांगतो की खरेदीचा निर्णय ज्यावर अवलंबून आहे तो इशारा, त्यात किमान वय आलंच, विकत घेण्याआधी दिसला पाहिजे, ऑनलाइनसुद्धा. खोक्यावर छापलेला इशारा पार्सल फोडल्यावर वाचून काय उपयोग?

आपल्याकडे मात्र खोकं आणि पान यांच्यात अजून अंतर आहे. 2018 पासून वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार ऑनलाइन पानावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, किंमत, नग अशा गोष्टी दाखवाव्या लागतात. पुढे उत्पादनाच्या देशावर भर आला. खेळण्याचं वय आणि घशात अडकण्याचा इशारा या यादीत नाही. माल कुठल्या देशातला ते कळायला हवं, पण तो कुठल्या वयाच्या मुलाच्या घशात अडकेल ते नाही कळलं तरी चालेल, असा हा क्रम झाला.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे. त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला मुद्दा पालकांच्या जबाबदारीचा. ‘आम्ही सागरगोटे, गोट्या, चिंचोके यांच्यावर वाढलो, आमच्या आईनं कधी लेबल वाचलं नाही.’ यातलं अर्धं मला मान्य आहे. जवळ बसलेल्या माणसाची जागा कुठलंही लेबल घेत नाही. पण त्या आईकडे एक गोष्ट होती जी आज पडद्यासमोर बसलेल्या आईकडे नाही. तुळशीबागेत ती खेळणं हातात घेऊन हलवत असे, चाक ओढून बघत असे, रंग बोटाला लागतो का ते पाहत असे आणि नको असेल तर परत ठेवत असे. ऑनलाइन फोटोत दोन सेंटिमीटरचा मणी आणि पाच सेंटिमीटरचा चेंडू सारखेच दिसतात, शेजारी मापाला काही नसतं. पाहण्याची ही सोय ज्यानं काढून घेतली, त्यानं तिच्या बदल्यात माहिती द्यायला हवी. पालकांनी जबाबदार वागावं म्हणणाऱ्यानं त्यांना आधी खरं काय ते सांगावं. (सागरगोट्यांबद्दल एवढंच की ते वर्षाच्या बाळापुढे कुणी ठेवत नसे, आणि ठेवलेच तर आजीचा धपाटा खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. वयाची वर्गवारी होती, फक्त छापलेली नव्हती.)

दुसरा मुद्दा याहून कठीण आहे: इशारे सगळीकडे असले की कुणी वाचत नाही. हे निर्विवाद खरं आहे. प्रत्येक खेळण्यावर, अगदी मोठ्या कापडी चेंडूवरसुद्धा, ‘3+’ दिसायला लागलं की तो आकडा वॉलपेपर होतो. पण हा आजार कशामुळे झाला? ज्यांनी अवघड चाचणी टाळण्यासाठी सरसकट ‘3+’ लावलं त्यांच्यामुळे. म्हणजे खोट्या इशाऱ्यांनी खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवली, आणि आता तेच कारण दाखवून इशारा नको म्हणायचं. यावर उपाय इशारे काढणं हा नव्हे, तर चुकीचे इशारे काढणं हा आहे. कापडी चेंडू खरोखर सहा महिन्यांच्या बाळाला योग्य असेल तर तसं तपासून घ्या आणि अभिमानानं ‘6 महिन्यांपासून’ लिहा. मग बाजूच्या खेळण्यावरच्या ‘3 वर्षांखाली नको’ला अर्थ येईल.

अमेरिकेच्या लहान भागांच्या 1979 सालच्या नियमात यासाठी एक शहाणपणाची तरतूद आहे. खेळणं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आहे का, हे ठरवताना तिथे तीन गोष्टी बघतात: उत्पादकानं लेबलवर काय म्हटलं आहे, आणि ते म्हणणं सयुक्तिक आहे का, त्याची जाहिरात आणि विक्री कशी केली जाते, आणि लोक सर्वसाधारणपणे ते कुठल्या वयाचं समजतात. नुसतं लेबल निर्णायक नाही. या तीन कसोट्या आपल्या बोरन्हाण सेटला लावून पाहू.

लेबल म्हणतं 3 वर्षांपुढे. जाहिरात म्हणते 1 ते 5, बोरन्हाण, फोटोत बाळ. लोक काय समजतात हे महाराष्ट्रात कुणाला विचारायचीही गरज नाही. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात हे खरं, पण सर्वांत हौसेनं करतात ते पहिल्या संक्रांतीला. म्हणजे तीनपैकी दोन कसोट्या सांगतात की हा माल तीन वर्षांखालचा आहे, आणि पहिली कसोटी त्यांच्यापुढे टिकत नाही. आता एकेक वस्तू नळकांड्यात टाका. मणी सरळ आत जातात. सहा सेंटिमीटरची मोटार आत मावत नाही, पण तिचं चाक ओढल्यावर निघालं तर चाक मावतं. भातुकलीतलं पातेलं कदाचित अडेल, झाकण आणि खलबत्त्यातला बत्ता अडणार नाहीत. जात्याचा खुंटा नुसता खोचलेला असेल तर पहिल्याच दिवशी हातात येईल, आणि मग तोही लहान भाग. शिट्टीच्या आतली गोळी बाहेर येते का, हे वेगळं बघावं लागतं, कारण ती तोंडातच धरायची वस्तू आहे. सेटमध्ये न फुगवलेले फुगे असतील तर त्यांचा इशारा आठ वर्षांखालच्या मुलांसाठी असतो. घरी केलेली ही तपासणी म्हणजे प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. ती फक्त नापास कोण हे सांगते, पास कोण हे सांगू शकत नाही.

मग विक्रेत्यानं काय करावं? त्याच्यापुढे दोनच प्रामाणिक वाटा आहेत. मणी, शिट्ट्या, चाकांच्या मोटारी, झाकणं बाहेर काढून मोठ्या, सुटं काही नसलेल्या वस्तूंचा सेट बनवावा, तो लहान वयासाठी प्रमाणित असलेल्या कारखान्याकडून घ्यावा आणि मग खुशाल ‘बोरन्हाण’ लिहावं. किंवा आहे तो सेट ठेवावा, पण शीर्षकातून ‘1 वर्ष’ आणि ‘बाळ’ काढावं, बाळाचा फोटो काढावा, आणि पहिल्या दोन ओळींत लिहावं: ‘जमलेल्या मोठ्या मुलांना वाटण्यासाठी. 3 वर्षांखालील मुलांसाठी नाही: लहान भाग घशात अडकू शकतात. सर्वांत लहान तुकडा 18 मिलिमीटर.’ विक्रेते म्हणतील, असं लिहिलं तर बोरन्हाणाला कोण घेईल? बरोबर. कुणी घेणार नाही असं त्यांना वाटतं, यातच तो माल मुळात कुणासाठी होता याची कबुली आहे.

आणखी एक साधी चूक इतकी वेळा दिसते की तिच्याकडे हसून दुर्लक्ष होतं. वयाच्या रकान्यात एकक महिन्यांचं असतं आणि विक्रेता वर्षं समजून ‘3’ भरतो. पानावर उमटतं, ‘3 महिन्यांपासून’. तिथे 36 हवे होते. यात लबाडी नाही, घाई आहे. पण वाचणाऱ्या मावशीला ते कसं कळावं?

प्रमाणपत्राच्या शब्दांत मात्र घाई कमी आणि लबाडी जास्त, असं माझं मत आहे. केंद्राच्या खेळणी गुणवत्ता आदेशानुसार 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या चिन्हाखाली CM/L नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो परवाना कारखान्याला मिळतो, ठरलेल्या पत्त्यावरच्या, ठरलेल्या प्रमाणानुसार बनणाऱ्या मालासाठी. परदेशी कारखान्यालाही तो स्वतःच घ्यावा लागतो. तेव्हा ‘आमचं दुकान बीआयएस प्रमाणित आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. दुकानाला असा परवाना नसतोच. विजेशिवायच्या खेळण्यांचा परवाना आयएस 9873 खाली आणि विजेवर, म्हणजे सेलवरसुद्धा, चालणाऱ्यांचा आयएस 15644 खाली. हे दोन वेगळे. लाकडी ठोकळ्यांच्या परवान्याचा क्रमांक दिवे लागणाऱ्या गाडीच्या पानावर टाकला तर क्रमांक खरा आणि दावा खोटा. तसंच चार्जरवरचा R नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक गाडीचा म्हणून दाखवणं. ‘सीई सर्टिफाइड’ हे तर दुहेरी चूक आहे: सीई ही युरोपच्या बाजारासाठी उत्पादकानं स्वतः केलेली घोषणा आहे, आणि भारतात ती आयएसआयची जागा घेत नाही. ‘अमुक प्रयोगशाळेत तपासलेलं’ हे खरं असू शकतं, पण अहवाल त्या दिवशी दिलेल्या नमुन्याचा असतो, परवाना चालू उत्पादनाचा. ‘नॉन-टॉक्सिक’बद्दल एकच विचारावं: कुठल्या चाचणीत? प्रमाणाचा भाग 3 शिशासारख्या आठ मूलद्रव्यांचं झिरपणं मोजतो, भाग 9 प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स मोजतो. यातलं काही केलं असेल तर ते नावानिशी लिहा. केलं नसेल तर तो शब्द म्हणजे फक्त शोभा.

शोभेच्या शब्दांची सराफकट्ट्यावरची गोष्ट आठवते का? ‘916 केडीएम’ ही पाटी कित्येक वर्षं मिरवली गेली. केडीएम म्हणजे शुद्धतेची सरकारी हमी असं निम्म्या गिऱ्हाइकांना वाटत होतं. तो होता डाग लावताना वापरायच्या कॅडमियमचा उल्लेख. पाटीनं खोटं काही म्हटलं नव्हतं, लोकांना हवं ते समजू दिलं होतं. तो प्रकार आटोक्यात आला तो 2021 मध्ये हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा होऊन प्रत्येक दागिन्यावर तपासता येणारा सहा अक्षरांचा क्रमांक आल्यावर. सराफांना उपदेश करून नव्हे. गंमत म्हणजे तो क्रमांक ज्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तपासतात, त्याच अ‍ॅपमध्ये खेळण्याचा CM/L क्रमांकही तपासता येतो. परवाना चालू आहे का, कुणाच्या नावावर आहे, कुठल्या वस्तूसाठी आहे, सगळं दिसतं. पण पानावर क्रमांकच नसेल तर तपासायचं काय? म्हणून माझ्या मते ‘बीआयएस अप्रूव्ह्ड’ हे शब्द क्रमांकाशिवाय लिहिण्यावरच बंदी हवी.

तिसरा मुद्दा छोट्या उत्पादकांचा, आणि इथे मी सक्तीच्या समर्थकांच्या बाजूनं पूर्णपणे उभा राहू शकत नाही. परवान्याचं शुल्क, चाचण्यांचा खर्च, कारखान्यात तपासणीची सोय, हे मोठ्या कंपनीला किरकोळ आणि चार माणसांच्या कारखान्याला जड आहे. सरकारनं सूक्ष्म उद्योगांना सवलती दिल्या, हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट दिली. पण घरी क्रोशाच्या बाहुल्या विणणारी आणि कुठेच नोंदणी नसलेली बाई अजून अधांतरीच आहे. तिच्यासाठी वेगळी, स्वस्त वाट निघायला हवी. त्यात माझं दुमत नाही.

मात्र सूट म्हणजे काय, हे स्पष्ट असावं. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या नोंदणीकृत कारागिरानं केलेल्या लाकडी भातुकलीला आयएसआय चिन्हाची सक्ती नाही. त्यामुळे तिच्यातलं झाकण 31.7 मिलिमीटरपेक्षा मोठं होत नाही. नळकांड्याला कारागीर आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. अशा वस्तूच्या पानावर खरं तेवढं लिहावं: ‘नोंदणीकृत हस्तकला कारागिरानं बनवलेलं, त्यामुळे खेळणी गुणवत्ता आदेशातून सूट, आयएसआय चिन्ह नाही. लहान भाग आहेत, 3 वर्षांखाली नको.’ हे लिहायला एक रुपयाही लागत नाही. आणि लिहिल्यानं मालाची शान जात नाही. उलट यंत्रावर हजारोंनी काढलेल्या नकला ‘सावंतवाडी’ नाव लावून तीच सूट लाटतात, त्यांना ही ओळ लिहिता येणार नाही. याउलट ‘ही शोभेची वस्तू आहे, खेळणं नाही’ अशी पळवाट काढून शेजारी बाळाच्या हातातला फोटो लावणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू, मग तिचा उपयोग फक्त त्यासाठी नसला तरी, आदेशाच्या व्याख्येत खेळणंच आहे.

उरला बाजारपेठ चालवणाऱ्या कंपन्यांचा मुद्दा: लाखो पानं आहेत, प्रत्येक कोण तपासणार? माणसानं प्रत्येक पान तपासणं अशक्य आहे हे मान्य. पण माणसानं तपासावं असं म्हणतंय कोण? शीर्षकात ‘1 वर्ष’ आणि वयाच्या रकान्यात 36 महिने, ही विसंगती पकडायला साधा नियम पुरतो. खेळण्याचा प्रकार विजेवरचा आणि परवाना बिनविजेच्या प्रमाणाचा, हेही आपोआप जुळवता येतं. खाद्यपदार्थ विकायचा तर 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक भरावाच लागतो, तो नसेल तर पान पुढे सरकत नाही. लोणच्याला जमतं ते खुळखुळ्याला का जमत नाही? जानेवारी 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं आयएसआय नसलेल्या खेळण्यांबद्दल मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या होत्या. त्या नोटिसा चिन्हाबद्दल होत्या. वय आणि इशारा यांच्याबद्दलही तशीच विचारणा व्हायला हवी.

यातली खरी गाठ मला वेगळ्याच जागी दिसते. आज जो विक्रेता ‘बाळ’ हा शब्द शीर्षकातून काढेल तो शोधात मागे जाईल, आणि न काढणारा शेजारी वर राहील. एकेकट्याच्या प्रामाणिकपणाची ही शिक्षा आहे, म्हणून विक्रेत्यांना नीट वागा असं सांगून काही होणार नाही. वेष्टित वस्तूंच्या नियमांतल्या ऑनलाइन यादीत खेळण्यांपुरते तीन रकाने वाढवा: महिन्यांतलं किमान वय, कारणासह इशारा, आणि परवाना क्रमांक किंवा सूट असल्यास तिचं कारण. ते किमतीच्या शेजारी दिसले पाहिजेत, घडी घातलेल्या तक्त्यात तळाशी नव्हे. सगळ्यांना एकाच तारखेपासून लागू करा, आणि ती तारीख संक्रांतीच्या आधीची ठेवा.